पँथर ते पांथस्थ : खेळातले जुने नाव बदलताना

ऑनलाइन खेळात उतरणाऱ्या प्रत्येकाला एक नाव घ्यावे लागते. सामना चालू असताना ते खेळाडूच्या डोक्यावर दिसते, कोणी कोणाला टिपले हे सांगणाऱ्या पट्टीत झळकते आणि मित्रांच्या यादीत तीच त्याची ओळख असते. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केले तेव्हा या नावाला गेमरटॅग म्हटले आणि पुढे हा शब्द इतर कंपन्यांच्या खेळांनाही सर्रास वापरला जाऊ लागला. आपल्याकडे मोबाइलवर खेळणारी मुले त्याला सरळ ‘आयडी’ म्हणतात.

हे नाव बहुधा अकरा-बारा वर्षांच्या वयात आणि तेही घाईत ठरते. मुलाला ‘पँथर’ हवे असते, पण ते आधीच कोणीतरी घेतलेले असते. मग पुढे-मागे काहीतरी चिकटवले जाते. जन्मसालाचे दोन आकडे हाताशी असतातच. अक्षरे एकाआड एक मोठी-लहान केली जातात. दोन्ही बाजूंना xX किंवा 乂 बसवले जाते, कारण गाजलेल्या खेळाडूंच्या नावांत ते दिसलेले असते. 乂 हे खरे तर एक चिनी अक्षर, पण फुलीसारखे दिसते म्हणून भारतीय मुलांच्या नावांत येऊन बसले. ꧁ आणि ꧂ या नक्षीदार महिरपी जावानी लिपीतल्या आहेत. नावात मोकळी जागा सोडू न देणाऱ्या खेळांत जागा सोडल्यासारखे दिसावे म्हणून कोरियन लिपीतले एक न दिसणारे अक्षर वापरले जाते. यातले एकही चिन्ह नेहमीच्या कीबोर्डवर मिळत नाही, ते कुठून तरी कॉपी करून आणावे लागते. म्हणजे मित्रालाही ते नाव टाइप करून शोधता येत नाही. या जुन्या नावांची ही सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण आहे, आणि नाव घेताना ती कोणाच्या लक्षात येत नाही.

पाच-सात वर्षांनी हे नाव अंगाला तोकडे होऊ लागते. महाविद्यालयाच्या स्पर्धेत सूत्रसंचालक माइकवर ते वाचताना अडखळतो. नोकरीतले सहकारी संध्याकाळी एकत्र खेळायला बसतात आणि यादीत आपले नाव पाहून ओशाळायला होते. काही वेळा कारण याहून गंभीर असते. नावात जन्मसाल असते, खरे आडनाव किंवा शाळेचे नाव असते, आणि अनोळखी माणसाला एवढ्यावरून बरेच काही शोधून काढता येते. अशा वेळी नाव बदलायचे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो दहा वर्षांत जोडलेल्या माणसांचा. त्यांतले निम्मे आता रोज खेळत नाहीत. कधीतरी दिवाळीच्या सुट्टीत लॉगिन करतात, यादीवर नजर टाकतात आणि ओळखीचे नाव दिसले तर बोलावतात. नाव अनोळखी दिसले तर ते पुढे सरकतात, आणि यादी आवरायला बसले तर ‘हा कोण?’ म्हणून काढूनही टाकतात.

म्हणून नव्या नावाचा विचार सुरू करायचा तो जुन्या नावातले नेमके काय मित्रांच्या लक्षात राहिले आहे, या प्रश्नापासून. त्याचे उत्तर पडद्यावर सापडत नाही, ते व्हॉइस चॅटवर सापडते. खेळ ऐन रंगात असताना कोणीही पूर्ण नाव घेत नाही. शत्रू दारात उभा असताना ‘乂PanTHeR06乂’ असे कोण म्हणणार? मित्र ओरडतात, ‘पँथ्या, मागे बघ!’ हा तोंडी उरलेला तुकडा म्हणजेच नावाचा गाभा. चिन्हे, आकडे, मोठी-लहान अक्षरे हे सगळे डोळ्यांपुरते होते आणि डोळ्यांना त्याची आठवण फारशी राहत नाही. कानाला मात्र पहिले एक-दोन उच्चार वर्षानुवर्षे लक्षात राहतात. नव्या नावात हे उच्चार त्याच क्रमाने आणि सुरुवातीलाच आले, तर बाकीचे सगळे बदलले तरी मित्र ओळखतो.

नामवंत खेळाडूंच्या बाबतीत हेच दिसते. पब्जी मोबाइलच्या काळात घराघरांत पोचलेला नमन माथुर खेळात संघाचे नाव पुढे लावून SouLMortal असा दिसायचा, पण प्रेक्षकांच्या तोंडी तो तेव्हाही ‘मॉर्टल’ होता आणि आजही आहे. पुढे लागणारे संघाचे बिरूद येते-जाते, गाभा टिकतो. उलट उदाहरण दक्षिण कोरियाच्या ली सांग-ह्योकचे. लीग ऑफ लेजंड्सच्या कोरियन क्रमवारीत तो GoJeonPa या नावाने गाजला होता. २०१३ मध्ये व्यावसायिक संघातून उतरताना त्याने Faker हे नाव घेतले. जुन्या नावाशी त्याचा आवाजाचा काही संबंध नव्हता, तरीही ओळख तुटली नाही, कारण त्याच्यावर साऱ्या देशाचे लक्ष होते आणि हा बदल बातमी होऊन पसरला. सामान्य खेळाडूला ही सोय नसते. त्याच्या बदलाची बातमी कोणी छापत नाही, म्हणून ती नावातच असावी लागते.

एक काल्पनिक उदाहरण तपशिलात पाहू. कोल्हापूरचा एक मुलगा २०१८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, पब्जी मोबाइलवर 乂PanTHeR06乂 हे नाव घेतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये भारतात त्या खेळावर बंदी येते आणि २०२१ च्या जुलैत बीजीएमआय सुरू झाल्यावर तो तेच नाव तिथेही चालवतो. मधल्या काळात त्याने डिस्कॉर्ड आणि स्टीमवर खाती उघडलेली आहेत, चुलतभावाचा जुना प्लेस्टेशन आता त्याच्याकडे आहे आणि पुण्याला शिकायला गेल्यावर वसतिगृहातली मुले व्हॅलोरंट खेळतात म्हणून तिथेही खाते झाले आहे. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच नाव आहे. शाळेतले मित्र त्याला ‘पँथ्या’ म्हणतात, वसतिगृहातले नुसते ‘पँथर’.

पहिला मोह असतो चिन्हे आणि आकडे काढून Panther एवढेच ठेवण्याचा. तो लगेच सोडावा लागतो, कारण जिथे एक नाव एकालाच मिळते तिथे असा साधा इंग्रजी शब्द शिल्लक असण्याची आशा जवळजवळ नसते. मग पुन्हा आकडे लावावे लागतात आणि गाडी मूळपदावर येते. दुसरा पर्याय Panthya. हे तर मित्रांच्या तोंडचेच नाव, ओळखीचा प्रश्न मिटला. पण मराठीत ‘या’कारान्त हाक मारण्याचा हक्क जवळच्यांचा असतो. तीच हाक परक्या सूत्रसंचालकाच्या किंवा कार्यालयातल्या वरिष्ठाच्या तोंडून बरी वाटत नाही, आणि तिशीत तर आणखीच अवघडल्यासारखे होते. ज्या कारणासाठी जुने नाव टाकायचे, तेच कारण इथे वेगळ्या रूपात परत येते. शिवाय मित्रांनी प्रेमाने मोडलेले नाव आपणच धारण केले, की त्यांना मोडायला काही उरत नाही.

तिसरा पर्याय Panthastha. ‘पांथस्थ’ हा शब्द मोठ्या माणसाला शोभतो, अनोळखी माणसाला तो पूर्ण नाव म्हणून घेता येतो आणि सुरुवातीचा उच्चार इतका जवळचा आहे की शाळेतला मित्र पहिल्याच फेरीत त्याचा पुन्हा ‘पँथ्या’ करून टाकतो. इंग्रजीत दहाच अक्षरे होतात. त्यांत आकडा नाही, चिन्ह नाही. चाचणी अशी घ्यायची : बदलाविषयी काहीच ठाऊक नसलेल्या दोन जुन्या मित्रांना नाव नुसते लिहून पाठवायचे आणि ते कोणाचे असेल, असे विचारायचे. एकाने जरी आपणहून बरोबर ओळखले, तरी नावात गाभा उतरला आहे. दोघेही गोंधळले, तर नाव कितीही देखणे असले तरी सोडून द्यायचे.

चौथा विचार देवनागरीचा मनात येतोच. एक्सबॉक्सने २०१९ मध्ये गेमरटॅगची नवी पद्धत आणली, तेव्हापासून तिथे देवनागरी चालते. स्टीमच्या प्रोफाइलवर आणि डिस्कॉर्डच्या दर्शनी नावातही चालते. ‘पांथस्थ’ असे पडद्यावर झळकलेले पाहण्यात निश्चितच आनंद आहे. पण प्लेस्टेशनवर फक्त इंग्रजी अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि अधोरेषा एवढेच चालते, आणि डिस्कॉर्डचे मूळ युजरनेम तर इंग्रजी लहान अक्षरांतच असावे लागते. सगळीकडे एकच नाव हवे असेल तर रोमन अक्षरांना पर्याय राहत नाही. देवनागरी जिथे चालते तिथे ते नाव सजावट म्हणून जरूर लावावे, शोधण्यासाठीचे नाव मात्र एकच ठेवावे.

लांबीचाही असाच हिशेब असतो. प्लेस्टेशनवर नाव सोळा अक्षरांपर्यंत जाते, बीजीएमआयमध्ये चौदा आणि एक्सबॉक्सच्या नव्या पद्धतीत बारा. सर्वांत छोटी मर्यादा धरून निवडले की पुढे कुठे काटछाट करावी लागत नाही. अक्षरे निवडताना इंग्रजी मोठा I, लहान l आणि आकडा 1 यांची गल्लत होणार नाही, हेही पाहावे. बऱ्याच फॉन्टमध्ये ती एकसारखीच दिसतात, आणि नाव पाहून शोधणारा मित्र भलत्याच माणसापाशी पोचतो.

आता प्रत्यक्ष बदल. इथे एक गोष्ट आधी समजून घेतली की निम्मी भीती जाते. बहुतेक ठिकाणी दिसणारे नाव हे खात्याचे खरे नाव नसतेच. खात्याला आतून एक क्रमांक दिलेला असतो आणि मित्रांची यादी, खेळातली प्रगती, विकत घेतलेल्या वस्तू या सगळ्या त्या क्रमांकाला जोडलेल्या असतात. बीजीएमआयमध्ये हा क्रमांक प्रोफाइलवरच दिसतो आणि तो टाकून मित्राला शोधताही येते. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे यादीतून कोणी आपोआप गळत नाही. गळती होते ती माणसाने न ओळखल्यामुळे.

क्रम असा धरावा की जिथे बदल फुकट आणि मागे घेण्याजोगा आहे, तिथून सुरुवात करायची. त्याही आधी, हवे ते नाव सगळीकडे मोकळे आहे का हे पाहून घ्यायचे. नाहीतर तीन ठिकाणी Panthastha होऊन चौथ्या ठिकाणी ते मिळत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. आपल्या मुलाने स्टीमपासून सुरुवात करावी. तिथे लॉगिनचे नाव कधीच बदलत नाही, पण प्रोफाइलचे नाव हवे तितक्या वेळा बदलता येते, आणि त्या नावाशेजारचा बाण दाबला की याआधीची नावेही दिसतात. जुन्या मित्राला शंका आली तर खुलासा तिथेच मिळतो. ही यादी पुसण्याची सोयही आहे. जुन्या नावात जन्मसाल असल्यामुळे ती कधीतरी पुसावी लागेल, पण पहिले काही महिने तिचा उपयोग जास्त आहे.

डिस्कॉर्डवर युजरनेम आणि दर्शनी नाव वेगळे असते. २०२३ पर्यंत नावापुढे चार आकडे असायचे, आता प्रत्येकाचे युजरनेम स्वतंत्र आहे. आधी फक्त दर्शनी नाव बदलून दोन आठवडे वापरून पाहावे. या काळात नाव तोंडात बसते की नाही, मित्र त्याचा कोणता अपभ्रंश करतात, त्याला कोणी नको तो अर्थ चिकटवतो का, हे सगळे कळते. व्हॅलोरंटमध्ये नावापुढे चिन्ह देऊन तीन ते पाच अक्षरांची एक शेपटी जोडावी लागते आणि नाव व शेपटी मिळून ओळख पूर्ण होते. ही शेपटी ओळखीची खूण म्हणून फार उपयोगी पडते. Panthastha#MH09 असे दिसले की कोल्हापूरकराला क्षणात उलगडा होतो, आणि अनोळखी माणसाला जिल्ह्यापलीकडे काही कळत नाही. जन्मसालापेक्षा ही खूण केव्हाही बरी.

पैसे किंवा कार्ड खर्च होणारी ठिकाणे शेवटी. बीजीएमआयमध्ये नाव बदलायला रिनेम कार्ड लागते आणि ते एका बदलात संपते, म्हणून नाव टाइप केल्यावर एक-एक अक्षर तपासूनच पुढे जावे. प्लेस्टेशनवर कित्येक वर्षे नाव बदलताच येत नव्हते. सोनीने ही सोय दिली ती २०१९ च्या एप्रिलमध्ये. पहिला बदल मोफत, पुढच्या प्रत्येकाला पैसे. बदल करताना जुने नाव नव्याच्या शेजारी दाखवायचे का, असे विचारले जाते आणि हा निर्णय नंतर फिरवता येत नाही, म्हणून घाईत पुढचे बटण दाबू नये. आणखी एक धोका तिथे आहे. सोनीने ही सोय देण्याआधी बनलेल्या काही जुन्या खेळांनी प्रगतीची नोंद नावाशीच जोडलेली होती, त्यामुळे नाव बदलल्यावर त्यांत जमवलेले गुण किंवा घेतलेल्या वस्तू हरवू शकतात. सोनीने अशा खेळांची यादी दिली होती. चुलतभावाच्या प्लेस्टेशनवर त्या काळातला एखादा खेळ असेल, तर आधी त्या यादीत डोकवावे. अडचण आलीच तर जुन्या नावावर परत जाता येते, पण गेलेले सगळेच परत मिळेल याची हमी नसते.

बहुतेकांचा घात होतो तो इथे नव्हे, अगदी साध्या ठिकाणी. नवे नाव मिळाल्याच्या उत्साहात ते त्याच दिवशी प्रोफाइलचे चित्रही बदलतात, संघाची खूण काढतात आणि माहितीच्या रकान्यात नवा मजकूर टाकतात. यादीत पाहणाऱ्याला धरून ठेवायला काहीच उरत नाही. जुना काळा बिबळ्या चित्रात तसाच राहिला, तर नाव न ओळखणारा मित्रही थबकतो आणि प्रोफाइल उघडून पाहतो. म्हणून चित्र निदान दोन-तीन महिने हलवू नये. रोज खेळणाऱ्यांसाठी एक महिनाही पुरतो, पण यादीतले बरेचसे लोक सुट्टीतच उगवतात, तेव्हा मुदत त्यांच्या हिशेबाने ठरवावी आणि एखादी मोठी सुट्टी मध्ये येऊ द्यावी.

या काळात माहितीच्या रकान्यात ‘पूर्वीचा पँथर, कोल्हापूर’ एवढे लिहिले तरी पुरते. संपूर्ण जुने नाव लिहायची गरज नाही, कारण त्यातले 06 लपवण्यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे. जवळच्या मित्रांना स्टीम आणि डिस्कॉर्डवर दुसऱ्याच्या नावाऐवजी स्वतः ठेवलेले टोपणनाव दिसण्याची सोय असते. ते फक्त ठेवणाऱ्याला दिसते. ज्यांना बदल मान्यच नाही ते ‘पँथ्या’ असे टोपणनाव ठेवून मोकळे होतात, आणि त्यांच्यापुरते काहीच बदलत नाही.

बदलाच्या काळात आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवावे लागते. नाव बदलल्याची कुणकुण लागली की एखादा लबाड माणूस त्याचा फायदा घेऊ शकतो. ‘मी पँथ्या, हा माझा नवा आयडी’ असा निरोप जुन्या मित्रांना जातो आणि पुढे लॉगिनचा ओटीपी किंवा पैसे मागितले जातात. हे टाळण्यासाठी खरा बदल नव्या खात्यावरून कळवू नये. तो त्याच जुन्या खात्यावरून, नाव बदलण्याच्या आदल्या दिवशी सांगावा. ज्याला नंतर संशय येईल त्याने बीजीएमआयचा जुना क्रमांक पडताळावा किंवा व्हॉइस चॅटवर दोन वाक्ये बोलावीत. क्रमांक वेगळा असेल आणि समोरचा बोलायला टाळाटाळ करत असेल, तर तो पँथ्या नव्हे.

सोडलेल्या नावाचे पुढे काय होते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. प्लेस्टेशनवर ते दुसऱ्या कोणाला दिले जात नाही. माइनक्राफ्टमध्ये मात्र जुने नाव ३७ दिवस राखून ठेवले जाते आणि त्यानंतर ते कोणालाही घेता येते. तिथे नाव दर ३० दिवसांनी बदलता येते, म्हणून मन बदललेल्या खेळाडूला जुन्या नावावर परतायला साधारण एक आठवडा मिळतो. तो उलटला की एखादा परका माणूस तेच नाव लावून जुन्या सर्व्हरवर हजर होऊ शकतो. खात्याचा आतला क्रमांक वेगळा असल्यामुळे त्याला जुन्या खेळाडूचे घर किंवा सामान मिळत नाही, पण मित्र फसू शकतात. म्हणून तिथे बदल करण्याआधी सर्व्हर चालवणाऱ्याला नवे नाव कळवून ठेवावे, आणि ३७ दिवस संपल्यावर जुन्या नावाने कोणी आलेच तर त्याला परका समजावे, असे सगळ्यांना सांगून ठेवावे.